सेल पडद्यावर, व्हेरिएबल कर्नलमध्ये

ज्युपिटर नोटबुक ही संगणकातली एक फाइल असते. स्पष्टीकरणाचा मजकूर, पायथनसारख्या भाषेतला कोड आणि त्या कोडने दिलेली उत्तरे, आलेख, तक्ते असे सारे तिच्यात एकाच पानावर एकाखाली एक मांडलेले असते. कोडचा प्रत्येक तुकडा एका चौकटीत असतो. या चौकटीला ‘सेल’ म्हणतात आणि प्रत्येक सेल स्वतंत्रपणे चालवता येतो. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या आयपायथन या प्रकल्पातून २०१४ मध्ये ज्युपिटर प्रकल्प वेगळा झाला. ही नोटबुके मुळात ब्राउझरमध्ये उघडली जात. आता मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड, म्हणजेच व्हीएस कोड, या एडिटरमध्येही ती उघडता, चालवता आणि डीबग करता येतात. त्यासाठी एडिटरमध्ये पायथन आणि ज्युपिटर ही दोन एक्स्टेन्शन बसवावी लागतात.

नोटबुक वापरणाऱ्यांना एक अडचण हमखास येते. काल बरोबर आलेले उत्तर आज चुकीचे येते, किंवा पडद्यावर उत्तर दिसत असूनही पुढचा सेल ‘हे नाव माहीत नाही’ अशी तक्रार करतो. पडद्यावर जे दिसते आणि संगणकाच्या स्मृतीत जे असते, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात आले की अशा बहुतेक अडचणींचा उलगडा होतो.

फाइल वेगळी, कर्नल वेगळा

नोटबुकच्या फाइलच्या नावाला `.ipynb` असा शेवट असतो. फाइलमध्ये सेलमधला कोड, प्रत्येक सेलखाली शेवटचे आलेले आउटपुट आणि थोडी इतर माहिती साठवलेली असते. व्हेरिएबल मात्र त्या फाइलमध्ये नसतात.

कोड प्रत्यक्षात चालवण्याचे काम ‘कर्नल’ करतो. कर्नल ही एडिटरपासून स्वतंत्र चालणारी प्रोसेस आहे. सेल चालवण्याची आज्ञा दिली की एडिटर त्या सेलमधला कोड कर्नलकडे पाठवतो, कर्नल तो चालवतो आणि उत्तर परत पाठवतो. मग एडिटर ते उत्तर सेलखाली दाखवतो. या कामात तयार झालेले प्रत्येक व्हेरिएबल, प्रत्येक फंक्शन आणि आयात केलेली प्रत्येक लायब्ररी कर्नलच्या स्मृतीत राहते. कर्नल चालू आहे तोवर ती स्मृती टिकते. तो बंद पडला की स्मृती जाते, पण फाइलमधली आउटपुटे जिथल्या तिथे राहतात.

म्हणूनच जुने नोटबुक उघडल्यावर सगळे तक्ते आणि आकडे दिसतात, तरी त्यातले एकही व्हेरिएबल वापरता येत नाही. दिसते ती मागच्या वेळच्या कामाची नोंद. नवा कर्नल कोऱ्या पाटीने सुरू होतो.

सेल चालवणे आणि क्रमांक वाचणे

व्हीएस कोडमध्ये सेलच्या डावीकडच्या त्रिकोणी बटणावर क्लिक केले की तो सेल चालतो. कळफलकावर `Shift+Enter` दाबल्यास सेल चालून निवड पुढच्या सेलवर जाते, तर `Ctrl+Enter` दाबल्यास सेल चालतो पण निवड तिथेच राहते. वरच्या पट्टीतले `Run All` हे बटण सगळे सेल वरून खाली क्रमाने चालवते.

सेल चालून झाला की त्याच्या बाजूला चौकोनी कंसात एक आकडा येतो. तो सेलची पानावरची जागा सांगत नाही, तर कर्नलने तो सेल कितव्या क्रमाने चालवला ते सांगतो. कर्नलने चालवलेला पहिला सेल `[1]`, त्यानंतरचा `[2]`, मग ते पानावर कुठेही असोत. आकडे वरून खाली १, २, ३ असे ओळीने असतील, तर सेल क्रमाने आणि प्रत्येकी एकदाच चालले आहेत. मधेच ७ दिसला आणि खाली ३ असला, तर वरचा सेल खालच्यानंतर चालवलेला आहे. पडद्यावरच्या गोष्टींपैकी कर्नलमध्ये काय घडून गेले याची खूण देणारी ही सर्वांत सोपी खूण आहे.

कर्नलच्या दृष्टीने सेलची पानावरची जागा निरर्थक असते. कोड ज्या क्रमाने त्याच्याकडे आला, तोच क्रम खरा. त्यामुळे एखादा सेल पुसून टाकला तरी त्याने तयार केलेले व्हेरिएबल स्मृतीत राहते. फंक्शनचा कोड दुरुस्त केला पण तो सेल पुन्हा चालवला नाही, तर कर्नलकडे जुनेच फंक्शन असते. पडद्यावर दुरुस्त कोड दिसत असताना उत्तर जुन्या कोडचे येत राहते.

पावसाच्या पाच नोंदी

हे सारे एका छोट्या उदाहरणातून स्पष्ट होईल. एका पर्जन्यमापकाच्या पाच दिवसांच्या नोंदी इंचांत आहेत. ज्या दिवशी नोंद झाली नाही तिथे −९९ लिहिलेले आहे. नोंदी मिलिमीटरमध्ये बदलून सरासरी काढायची आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. नोटबुकमधला पहिला सेल नोंदी भरतो:

```python
rain = [2.0, 0.5, -99, 1.5, 3.0]
```

दुसरा सेल एकक बदलतो:

```python
rain = [x * 25.4 for x in rain]
```

तिसरा सेल सरासरी काढतो आणि काढताना −९९ असलेल्या नोंदी वगळतो:

```python
def average(values):
    total = 0
    count = 0
    for v in values:
        if v != -99:
            total = total + v
            count = count + 1
    return total / count

average(rain)
```

नोंद असलेल्या चार दिवसांचा पाऊस मिळून ७ इंच होतो. सरासरी १.७५ इंच, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर यायला हवी. तिन्ही सेल क्रमाने चालवल्यावर उत्तर येते सुमारे −४६७.३६. पाऊस उणे असू शकत नाही, तेव्हा चूक आहे हे उघड आहे. पण पायथनने कोणतीही त्रुटी दाखवलेली नाही. तीन ओळी नीट वाचून चूक सापडेलही, मात्र मोठ्या नोटबुकमध्ये अशी चूक नजरेने शोधणे अवघड जाते. अशा वेळी डीबगर उपयोगी पडतो.

सेल डीबग करणे

डीबगर कोड मधेच थांबवतो आणि त्या क्षणी कर्नलच्या स्मृतीत काय आहे ते दाखवतो. त्यासाठी कर्नलच्या पायथनमध्ये `ipykernel` हे पॅकेज सहाव्या किंवा त्यापुढच्या आवृत्तीचे असावे लागते.

सुरुवात ब्रेकपॉइंट लावण्यापासून होते. ज्या ओळीवर थांबायचे त्या ओळीच्या डाव्या कडेला क्लिक केले की लाल ठिपका उमटतो. इथे तो `if v != -99:` या ओळीवर लावणे योग्य, कारण नोंद वगळायची की नाही हे तिथे ठरते. मग सेलच्या चालवण्याच्या बटणाशेजारचा खाली वळलेला बाण दाबून `Debug Cell` निवडायचे. सेल चालू लागतो आणि त्या ओळीवर पोहोचताच थांबतो. ओळ रंगवलेली दिसते, आणि डावीकडे उघडलेल्या पट्टीत व्हेरिएबलांची यादी येते. फंक्शनच्या आतली `v`, `total`, `count` ही व्हेरिएबल एका गटात असतात आणि संपूर्ण नोटबुकला लागू असलेले `rain` दुसऱ्या गटात.

पहिल्यांदा थांबल्यावर `v` ची किंमत ५०.८ दिसते, ती दोन इंचांची मिलिमीटरमधली बरोबर किंमत आहे. `F5` दाबले की कोड पुढच्या ब्रेकपॉइंटपर्यंत, म्हणजे लूपच्या पुढच्या फेरीपर्यंत जातो. दुसऱ्या फेरीत `v` १२.७ आणि `total` ५०.८ दिसते. तिसऱ्या फेरीत `v` सुमारे −२५१४.६ होते. आता `F10` दाबून एकच ओळ पुढे जायचे. ही नोंद वगळली जाणार असती, तर रंगवलेली ओळ पुन्हा `for` वर गेली असती. ती जाते `total = total + v` या ओळीवर. म्हणजे नोंद वगळली गेलेली नाही.

कारणही समोरच आहे. खाली असलेल्या `Debug Console` मध्ये, कोड थांबलेला असतानाच, `v / 25.4` असे लिहून पाहिले तर उत्तर −९९ च्या घरात येते. नोंद नसल्याची खूण म्हणून लिहिलेल्या −९९ लाही दुसऱ्या सेलने २५.४ ने गुणले होते. त्यामुळे तिसऱ्या सेलला ती खूण ओळखताच आली नाही. फंक्शनमध्ये काही चुकलेले नाही. चूक त्याच्या आधीच्या सेलमध्ये आहे.

नोंदी पाचच असल्यामुळे तिसऱ्या फेरीपर्यंत पोहोचणे सोपे होते. हजारो नोंदी असतील तर प्रत्येक फेरीत थांबणे शक्य नसते. तेव्हा ब्रेकपॉइंटला अट जोडता येते. लाल ठिपक्यावर उजवे क्लिक करून अट म्हणून `v < 0` लिहिले की कोड फक्त उणे किंमत आल्यावरच थांबतो.

याखेरीज `Run by Line` नावाची हलकी सोय आहे. तीत ब्रेकपॉइंट लावावा लागत नाही. सेल एकेक ओळ पुढे सरकतो आणि दर ओळीनंतर व्हेरिएबल कशी बदलली ते पाहता येते. सरळ ओळींनी लिहिलेल्या सेलसाठी ती पुरेशी आहे. लूपच्या विशिष्ट फेरीत किंवा दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनमध्ये शिरायचे असेल, तर `Debug Cell` बरा. फंक्शनच्या आत जाण्यासाठी `F11` आणि बाहेर येण्यासाठी `Shift+F11` वापरतात.

डीबग करणे म्हणजेही चालवणे

डीबगर नोटबुकची वेगळी प्रत घेत नाही. तो त्याच कर्नलमध्ये, त्याच व्हेरिएबलांवर काम करतो. त्यामुळे डीबग करताना चाललेल्या प्रत्येक ओळीचा परिणाम स्मृतीत कायम राहतो.

चूक दुसऱ्या सेलमध्ये आहे असे कळल्यावर त्याच सेलवर `Debug Cell` चालवण्याचा मोह होतो. पण तो सेल आधी एकदा चाललेला आहे आणि `rain` मध्ये आता मिलिमीटर आहेत. सेल पुन्हा चालला की त्या मिलिमीटरांना परत २५.४ ने गुणले जाते. पहिल्या दिवसाचे दोन इंच आता ५०.८ ऐवजी १२९०.३२ दिसू लागतात, आणि तिसरा सेल चालवला तर सरासरी सुमारे −११८७०.९ येते. तपासणाऱ्याला वाटते की आणखी एक चूक निघाली. खरे तर ती तपासणीतूनच जन्मलेली असते.

मूळ दोष असा की दुसरा सेल स्वतःचेच इनपुट बदलतो. उजवीकडे `rain` आणि डावीकडेही `rain`. असा सेल जितक्या वेळा चालेल तितक्या वेळा वेगळे उत्तर देतो. उत्तराला नवे नाव दिले की हा दोष जातो, आणि नोंद नसलेले दिवस गुणाकाराच्या आधीच वगळले की पहिली चूकही जाते:

```python
rain_mm = [x * 25.4 for x in rain if x != -99]
```

आता हा सेल कितीही वेळा चालवला किंवा डीबग केला, तरी `rain` मधल्या इंचांना धक्का लागत नाही. तिसऱ्या सेलची शेवटची ओळ `average(rain_mm)` अशी करायची. तरीही एक काम उरते. कर्नलच्या स्मृतीतला `rain` आधीच बिघडलेला आहे, आणि दुसरा सेल दुरुस्त केल्याने तो पूर्ववत होत नाही. पहिला सेल पुन्हा चालवून नोंदी नव्याने भरल्यावरच ४४.४५ हे उत्तर मिळते.

आपल्या कर्नलमध्ये या क्षणी काय आहे हे डीबगरशिवायही पाहता येते. नोटबुकच्या वरच्या पट्टीतल्या व्हेरिएबलांच्या बटणाने एक तक्ता उघडतो, आणि त्यात प्रत्येक व्हेरिएबलचे नाव, प्रकार, आकार आणि किंमत दिसते. बदललेल्या एककाची शंका तिथे एका नजरेत फिटते.

कर्नल निवडला म्हणजे काय निवडले

व्हीएस कोडमध्ये नोटबुकच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात चालू कर्नलचे नाव असते. अजून निवडलेला नसेल तर `Select Kernel` असे दिसते. त्यावर क्लिक केल्यावर संगणकावरची पायथनची एन्व्हायर्नमेंट दिसतात. एका एन्व्हायर्नमेंटमध्ये पायथनची एक विशिष्ट आवृत्ती आणि तिच्यासोबत बसवलेल्या लायब्ररी असतात. अनेकांच्या संगणकावर अशी दोन-तीन एन्व्हायर्नमेंट सहज आढळतात: एक संपूर्ण संगणकाचे, एक प्रकल्पाच्या `.venv` फोल्डरमधले, क्वचित एखादे कोंडाने तयार केलेले.

कर्नलची निवड दोन गोष्टी ठरवते. कोड कोणत्या पायथनवर आणि कोणत्या लायब्ररींसह चालेल, ही पहिली. व्हेरिएबल कोणत्या प्रोसेसच्या स्मृतीत राहतील, ही दुसरी. पहिली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात येते, दुसरी निसटते.

पावसाच्या नोटबुकमध्ये पहिले दोन सेल संगणकाच्या मुख्य पायथनवर चालवले, मग आलेख काढण्याची लायब्ररी `.venv` मध्ये आहे म्हणून कर्नल बदलला, असे समजू. पानावर काहीच बदललेले दिसत नाही. आधीची आउटपुटे तशीच असतात. तिसरा सेल चालवला की मात्र असा संदेश येतो:

```
NameError: name 'rain_mm' is not defined
```

कोड अचूक आहे. पण नव्या कर्नलने पहिला आणि दुसरा सेल चालवलेलाच नाही. `rain_mm` जुन्या प्रोसेसमध्ये होते; नव्या प्रोसेसला ते कधीच मिळाले नाही. कर्नल बदलताना व्हेरिएबल सोबत येत नाहीत. उपाय एकच: नव्या कर्नलवर सेल पहिल्यापासून चालवायचे.

गणनेला तासभर लागला असेल, तर पुन्हा सगळे चालवणे परवडत नाही. अशा वेळी कर्नल बदलण्याआधी मधले उत्तर फाइलमध्ये लिहून ठेवायचे आणि नव्या कर्नलमध्ये ते वाचून घ्यायचे. दोन कर्नलांमध्ये माहिती नेण्याचा हा सरळ मार्ग आहे. एकाच एन्व्हायर्नमेंटवर दोन नोटबुके उघडली, तरी व्हीएस कोड साधारणपणे प्रत्येकासाठी वेगळा कर्नल सुरू करतो. त्यामुळे एका नोटबुकमधले `rain` दुसऱ्यात दिसत नाही, कोपऱ्यातले नाव दोन्हीकडे सारखेच असले तरी.

कर्नल दुसऱ्या संगणकावरच्या ज्युपिटर सर्व्हरवरही असू शकतो. तेव्हा व्हेरिएबल त्या संगणकाच्या स्मृतीत राहतात, आणि कोडमध्ये लिहिलेला फाइलचा पत्ताही तिथलाच धरला जातो. समोरच्या संगणकावर असलेली फाइल ‘सापडत नाही’ असा संदेश आला, तर ही शक्यता आधी तपासावी.

चालू कर्नल ओळखणे

चुकीच्या कर्नलची दुसरी मोठी खूण म्हणजे `ModuleNotFoundError`. लायब्ररी नुकतीच बसवलेली असते, तरीही ती सापडत नाही. बहुधा ती टर्मिनलमधून एका एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवलेली असते आणि नोटबुक दुसऱ्यावर चालू असते. शंका आली तर कर्नललाच विचारता येते:

```python
import sys, os
print(sys.executable)
print(os.getpid())
```

पहिली ओळ हा कर्नल कोणते पायथन वापरतो त्याचा पूर्ण पत्ता देते. दुसरी त्याच्या प्रोसेसचा क्रमांक देते. कर्नल बदलल्यावर किंवा पुन्हा सुरू केल्यावर हा क्रमांक बदलतो. तो बदललेला दिसला की आधीची व्हेरिएबल गेली असे समजावे. लायब्ररी चालू कर्नलच्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये बसवायची असेल, तर सेलमध्ये `%pip install` असे लिहून पुढे लायब्ररीचे नाव द्यावे. `!pip install` ही आज्ञा मात्र संगणकाला सापडेल ते पिप वापरते, आणि ते दुसऱ्याच पायथनचे असू शकते.

थांबवणे आणि पुन्हा सुरू करणे

एखादा सेल संपतच नसेल तर `Interrupt` आणि `Restart` असे दोन पर्याय असतात, आणि व्हेरिएबलांच्या बाबतीत त्यांचे परिणाम अगदी वेगळे आहेत. `Interrupt` फक्त चालू सेल थांबवतो. सेलखाली `KeyboardInterrupt` असे दिसते आणि तोवर तयार झालेली व्हेरिएबल शाबूत राहतात. `Restart` मात्र संपूर्ण प्रोसेस बंद करून नवी सुरू करतो; सगळी व्हेरिएबल जातात आणि सेलचे क्रमांक पुन्हा १ पासून लागतात. डीबगर ब्रेकपॉइंटवर थांबलेला असताना कर्नल त्याच कामात अडकलेला असतो, म्हणून इतर सेल त्या वेळी चालत नाहीत. अशा वेळी कर्नल बिघडला असे समजून `Restart` करू नये. `F5` ने कोड पुढे जाऊ द्यावा किंवा डीबगिंग थांबवावे.

नोटबुक खरोखर बरोबर आहे का, हे ठरवण्यासाठी `Restart` आणि त्यानंतर `Run All` ही जोडी वापरतात. नव्या कर्नलमध्ये जुने काहीच उरलेले नसते. पुसलेल्या सेलची व्हेरिएबल, दोनदा चाललेला गुणाकार, दुरुस्तीआधीचे फंक्शन, यांपैकी काहीही आता उत्तरात शिरू शकत नाही. पावसाच्या नोटबुकमध्ये या परीक्षेनंतर सेलचे क्रमांक `[1]`, `[2]`, `[3]` असे ओळीने आणि सरासरी ४४.४५ आली, तर पानावरचा कोड आणि पानावरचे उत्तर एकमेकांशी जुळले. नोटबुक दुसऱ्याला पाठवण्यापूर्वी ही परीक्षा, ज्या एन्व्हायर्नमेंटवर ते चालवायचे आहे त्याचाच कर्नल निवडून, एकदा घ्यावी.